मारायला जिथं काही नाहीच, तिथं ऑटोक्लेव्ह काय करणार?

मी एका रुग्णालयात सीएसएसडीमध्ये, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागात, काम करते. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या मेंदूची बायोप्सी झाली. ट्रे माझ्याकडे आला, तो मी नेहमीसारखा धुतला आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर १२१ अंशांना लावला. स्पोअरची पट्टी पास झाली. तीन दिवसांनी न्यूरोचे डॉक्टर आले आणि म्हणाले, सीजेडीची, म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराची शंका आहे, प्रायॉन असू शकतात, तो ट्रे कुणालाही वापरू नका. नशिबानं तोवर वापरला नव्हता. मी म्हटलं, पुन्हा एकदा लावते. ते म्हणाले, उपयोग नाही. बॅक्टेरियाचे स्पोअर मरतात, व्हायरस मरतात, मग हे काय आहे जे मरत नाही? धुताना ग्लोव्हज होते, पण थोडं पाणी गालावर उडालं होतं. घरी लहान मूल आहे. झोप लागत नाही. मी आता काय करू?

ताई, आधी घरचं बोलू, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. मुलाला खुशाल जवळ घ्या. प्रायॉनचा आजार स्पर्शातून, श्वासातून, खोकल्यातून किंवा थुंकीतून पसरत नाही. सीजेडीच्या पेशंटबरोबर एका घरात संसार केलेल्या जोडीदारांनाही तो इतरांपेक्षा जास्त होताना दिसलेला नाही. तो एकाकडून दुसऱ्याकडे जायचा तर पेशंटचा मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याचा मागचा भाग यांतलं काहीतरी दुसऱ्याच्या शरीराच्या आत पोचावं लागतं. तुमच्या गालावर धुण्याचं पाणी उडालं, तेही धड कातडीवर. अशा शिंतोड्यातून कुणाला हा आजार झाल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही.

खरी काळजी टोचण्याची आणि कापण्याची. फ्रान्समध्ये २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या एका तरुण कर्मचारी मुलीला प्रायॉनबाधित उंदराच्या मेंदूवर काम करताना चिमट्याचं टोक लागलं, दोन ग्लोव्हजमधून अंगठ्यात घुसलं आणि रक्त आलं. सुमारे साडेसात वर्षांनी तिला लक्षणं सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती गेली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या बाबतीत असं काही घडलेलं नाही, हा फरक तुम्हाला स्वच्छ दिसावा म्हणून सांगतोय. त्या दिवशी हाताला काही टोचलं होतं का, पाणी डोळ्यात गेलं होतं का, हे शांतपणे आठवा आणि तारखेसकट लिहून इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्सकडे द्या. रक्त तपासायच्या मागे मात्र लागू नका. आज तुम्हाला काही सांगू शकेल अशी रक्ताची तपासणीच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. तो त्या पट्टीपासूनच सुरू करतो, कारण ती तुम्ही रोज हाताळता.

त्या पट्टीवर एका उष्णताप्रेमी बॅक्टेरियाचे स्पोअर, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं असतात. ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर तुम्ही ती पोषक द्रवात घालून उबवता. एक जरी स्पोअर जिवंत उरला असेल तर तो रुजतो, खातो, वाढतो, आम्ल सोडतो आणि द्रवाचा रंग बदलतो. रंग बदलला नाही म्हणजे पास. म्हणजे ती पट्टी एकच गोष्ट विचारते: इथं जगणारं, वाढणारं काही उरलंय का? बॅक्टेरियासाठी हा प्रश्न अगदी बरोबर आहे. बॅक्टेरिया म्हणजे एक पूर्ण पेशी. तिचं स्वतःचं आवरण असतं, स्वतःचा डीएनए असतो, प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा असते. यांतलं काहीही मोडलं की ती मेली.

व्हायरसचं बिऱ्हाड त्याहून बरंच लहान. डीएनए किंवा आरएनएची एक लड, तिच्याभोवती प्रथिनांचं कवच, काहींना वरून चरबीचं वेष्टन. त्याला स्वतःला काही बनवता येत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतो. पण प्रती काढायला मूळ मजकूर लागतो, आणि तो मजकूर त्या लडीत असतो. म्हणून वाफेनं, फॉर्मॅलिननं किंवा अतिनील किरणांनी त्या लडीची वाट लावली की व्हायरस संपला. तुमच्या खात्यातली जवळपास सगळी साधनं या दोन गोष्टींवर बेतलेली आहेत: पेशी मोडा किंवा मजकूर पुसा.

प्रायॉनमध्ये पेशी नाही आणि मजकूरही नाही. ते निव्वळ प्रथिन आहे. त्याहून विलक्षण म्हणजे ते परकं प्रथिन नाही. तेच प्रथिन तुमच्या मेंदूत या क्षणी आहे, माझ्याही आहे. आपल्या विसाव्या गुणसूत्रावर त्याचा जनुक असतो. चेतापेशी त्यावरून साधारण दोनशे अमिनो आम्लांची साखळी विणते, ती ठरावीक पद्धतीनं घडी होते आणि पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. काही काळानं ते प्रथिन मोडीत निघतं आणि त्याच्या जागी नवीन येतं. हे रोजचं चालू असतं.

त्या नेहमीच्या घडीत साखळीचा बराच भाग स्प्रिंगसारखा वळलेला असतो. सीजेडीत तीच साखळी, एकही अमिनो आम्ल न बदलता, वेगळी घडी घेते. स्प्रिंगा उलगडतात आणि साखळी नागमोडी वळणं घेत एका पातळ थरात सपाट पसरते. अशा थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूला चिकटायला मोकळे हात राहतात. शेजारून जाणारं नेहमीच्या घडीचं प्रथिन त्या हातांना लागलं की तेही उलगडतं आणि त्याच नागमोडी नक्षीत वर बसतं. त्यावर पुढचं, त्यावर आणखी एक. थरावर थर चढत एक तंतू तयार होतो.

साखरेच्या दाट गार पाकात एक स्फटिक टाकला की त्याच्या कडांवर नवी साखर त्याच रचनेत येऊन बसते, तसं हे आहे. पाकातली साखर आणि स्फटिकातली साखर एकच, फरक फक्त मांडणीचा. पण स्फटिक नुसता मोठा होत गेला असता तर वेग फार वाढला नसता. प्रायॉनचा तंतू लांबला की मध्येच तुटतो. एकाचे दोन झाले की नवी टोकं मिळाली, आणि प्रत्येक टोक पुन्हा साधी प्रथिनं ओढायला मोकळं. हेच त्याचं पुनरुत्पादन. यात जन्म नाही, खाणंपिणं नाही, जनुकाची प्रत नाही. कच्चा माल पेशी स्वतःच पुरवते, प्रायॉन फक्त त्याचा आकार बिघडवतो. म्हणून तो मरत नाही असं म्हणण्यापेक्षा तो कधी जिवंतच नव्हता असं म्हणणं बरोबर.

हे शास्त्रज्ञांनाही सहज पटलेलं नाही. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा असाच आजार होतो. १९६७ मध्ये टिकवा आल्पर यांनी दाखवलं की डीएनए-आरएनएचा नाश करणाऱ्या अतिनील किरणांनी स्क्रेपीचा संसर्ग जात नाही. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी प्रायॉन हा शब्द दिला आणि हे प्रथिनच आहे असं ठामपणे मांडलं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हाही कुठंतरी लपलेला व्हायरस सापडेल असं म्हणणारे होते. मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा १९९३ मधला वाटतो. ज्या उंदरांमधून या प्रथिनाचा जनुकच काढून टाकला होता, त्यांच्या मेंदूत स्क्रेपीचा बाधित मेंदू टोचला आणि त्यांना आजार झालाच नाही. ओढायला साधी प्रथिनंच नव्हती, तर थर कशावर चढणार?

प्रथिन आपलंच असल्याचा परिणाम तुम्हाला पेशंटच्या फाइलीतही दिसेल. ताप नसतो. पाठीच्या पाण्यात पेशी सहसा वाढलेल्या नसतात. अँटिबॉडी शोधाव्या तर शरीरानं बनवलेल्याच नसतात, कारण प्रतिकारशक्तीला यात परकं काही दिसत नाही. व्हायरसमुळे मेंदूला सूज आली की यातलं बहुधा काहीतरी सापडतंच. इथं माणूस काही आठवड्यांत विसरायला लागतो, चाल बिघडते, अंगाला झटके बसतात आणि बहुतेक जण काही महिन्यांतच जातात. तुमच्या पेशंटला हे कुणाकडून लागलं असेल असंही समजू नका. दरवर्षी दहा लाख माणसांमागे एक-दोघांना सीजेडी होतो आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांत तो आपोआप उद्भवतो, बाहेरून आलेला सापडत नाही. काहींना जनुकातल्या बदलामुळे होतो. उपचारातून, जसं उपकरणांतून किंवा प्रत्यारोपणातून, झालेले अगदी थोडे. पण त्या थोड्यांचा संबंध थेट तुमच्या टेबलाशी येतो.

दोन घटना सांगतो, म्हणजे नेहमीची साधनं कुठं कमी पडतात ते दिसेल.

पहिली १९३० च्या दशकातली, ब्रिटनमधली. मेंढ्यांच्या मेंदूला होणाऱ्या एका व्हायरसच्या आजारावर लस केली होती. ती मेंढीच्याच मेंदूपासून बनवायची आणि फॉर्मॅलिननं निष्क्रिय करायची. व्हायरस खरंच निष्क्रिय झाला. पण लशीसाठी मेंदू घेतलेल्या काही मेंढ्यांना आधीच स्क्रेपीची लागण होती, आणि एका बॅचचे सुमारे १८,००० डोस टोचले गेल्यावर साधारण दोन वर्षांनी कळपांत स्क्रेपी दिसू लागला. एकाच बाटलीत, एकाच फॉर्मॅलिनमध्ये व्हायरस संपला आणि प्रायॉन टिकला. व्हायरस आणि प्रायॉन यांच्यातला फरक समजावताना मला याहून स्पष्ट उदाहरण आजवर मिळालेलं नाही.

दुसरी तुमच्या कामाच्या आणखी जवळची. १९७० च्या दशकात झुरिकमध्ये एका बाईच्या मेंदूत विद्युत नोंदीसाठी चांदीचे बारीक इलेक्ट्रोड घातले होते. तिला सीजेडी होता हे नंतर कळलं. इलेक्ट्रोड बेंझीननं पुसले, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले, मग फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत निर्जंतुक केले. त्या काळी हे चुकीचं नव्हतं, कुणी हयगय केली नव्हती. तेच इलेक्ट्रोड मग एपिलेप्सीच्या दोन तरुण पेशंटांना वापरले, एक २३ वर्षांची आणि दुसरा १७ वर्षांचा. दोन वर्षं व्हायच्या आत दोघांनाही सीजेडी झाला. या वयात हा आजार इतका विरळा असतो की एकाच ठिकाणी, एका उपकरणामागून दोघांना होणं योगायोग म्हणून सोडून देणं शक्यच नव्हतं. तरी तपासायचं ठरलं. मधल्या काळात ते इलेक्ट्रोड पुन्हा पुन्हा स्वच्छ आणि निर्जंतुक झाले होते, दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. ते एका चिंपांझीच्या मेंदूत घातले. १८ महिन्यांनी चिंपांझी आजारी पडला.

यातली प्रत्येक पायरी बघा. अल्कोहोल प्रथिनांना पृष्ठभागावर घट्ट बसवतो. फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांचे भाग एकमेकांना टाचून टाकतो. बॅक्टेरियासाठी हा मृत्यू, कारण त्यांची कामं करणारी प्रथिनं जखडली जातात. प्रायॉनला काही काम करायचंच नसतं. त्याला फक्त आकार टिकवायचा असतो, आणि टाचल्यानं तो आणखी टिकतो. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की बाधित मेंदूला स्टीलची बारीक तार थोडा वेळ लावून ती धुतली तरी निरोगी उंदराच्या मेंदूत गेल्यावर आजार देते. प्रायॉन धातूला चिकटतो आणि चिकटलेल्या जागेवरूनच साध्या प्रथिनांना ओढतो.

उष्णतेचंही काहीसं तसंच. १२१ अंशांची वाफ नेहमीच्या प्रथिनांच्या घड्या विस्कटते. पण प्रायॉनचे थर इतके गच्च बसलेले असतात की पाणी आणि वाफ आतपर्यंत शिरत नाही. तुमच्या सायकलमध्ये त्यांची संसर्गक्षमता कमी होते, पूर्ण जात नाही. त्यातून ऊतीचा कण धातूवर वाळलेला असेल तर तापल्यावर तो तिथं पक्का भाजून बसतो. बाधित हॅमस्टरचा मेंदू ६०० अंशांवर जाळून राख केली तरी एका प्रयोगात संसर्गाचा अंश उरला होता. १००० अंशांवर मात्र काही उरलं नाही. हा ट्रे पुन्हा लावून उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले, त्यामागे हे सगळं आहे.

तर आता ट्रेचं काय करायचं. तो पुन्हा धुऊ नका, पुन्हा तापवू नका, फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोल तर अजिबात नको. सगळी उपकरणं मोजून, प्रत्येकाचा नंबर लिहून, कडक झाकणाच्या डब्यात बंद करा. डब्यावर पेशंटचा रेकॉर्ड नंबर, शस्त्रक्रियेची तारीख आणि ‘क्वारंटाइन, वापरू नये’ असं ठळक लिहा. डबा कुलपात जाऊ द्या आणि किल्ली कुणाकडे आहे तेही रजिस्टरमध्ये येऊ द्या. याबरोबर त्या दिवशीचं तुमचं लोड रजिस्टर काढा: त्याच धुण्याच्या पाण्यात किंवा त्याच वॉशरमध्ये आणखी कोणते ट्रे गेले होते? त्यांना धोका फारच कमी, पण तो निर्णय तुम्ही एकटीनं पेलायचा नाही. यादी इन्फेक्शन कंट्रोलकडे द्या आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा.

मग निदानाची वाट पाहायची. डॉक्टर एमआरआय बघतील आणि बहुधा पाठीचं पाणी आरटी-क्विक नावाच्या तपासणीला पाठवतील. ही तपासणी मला फार आवडते, कारण ती प्रायॉनला त्याच्याच खोडीवर पकडते. प्रयोगशाळेत बनवलेलं नेहमीच्या घडीचं प्रथिन विहिरींच्या प्लेटमध्ये घेतात, त्यात पेशंटच्या पाण्याचे काही थेंब टाकतात आणि प्लेट थांबून थांबून हलवत राहतात. पाण्यात प्रायॉन असेल तर थर चढू लागतात. हलवल्यानं तंतू तुटतात, टोकं वाढतात आणि काही तासांत तंतूंना चिकटणारा रंग चमकू लागतो. तुमच्या पट्टीचा प्रश्न वाढीचा होता, हिचाही वाढीचाच आहे, फक्त इथं वाढतो तो आकार. ही चमक दिसली तर निदान जवळपास पक्कं धरतात. चमक दिसली नाही म्हणून सीजेडी नाहीच असं मात्र नाही, काही पेशंट तिच्या हातून सुटतात. बायोप्सीचा अहवाल त्यासाठीच महत्त्वाचा.

निदान दुसरं काही निघालं तर डबा उघडा आणि ट्रे नेहमीच्या वापरात आणा. सीजेडी निघाला, किंवा शंका फिटलीच नाही, तर मेंदूला लागलेली उपकरणं जाळण्यासाठी पाठवायची. हजारो रुपयांचं सामान आहे, वरून कुणीतरी हळहळेल. पण हा ट्रे एकदा वाळला आणि तापला आहे, त्यामुळे तो वाचवायचा प्रयत्न मी सुचवणार नाही.

जिथं शंका आधीच कळते तिथं उपकरणं वाचवता येतात, आणि ती रीतही प्रायॉनच्या स्वभावातूनच आली आहे. मारायला काही नसलं तरी आकार विस्कटता येतो. तीव्र अल्कली साखळीचे भाग एकमेकांपासून सोडवते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात उष्णता सोसणाऱ्या उपकरणांसाठी कॉस्टिक सोड्याचं द्रावण आहे: लिटरला ४० ग्रॅम, त्यात एक तास बुडवायचं, मग पाण्यात काढून १२१ अंशांवर एक तास लावायचं. दुसरा मार्ग ब्लीचचा, २०,००० पीपीएम उपलब्ध क्लोरीन, एक तास. हे स्टीलला खातं, त्यामुळे सगळ्या उपकरणांना चालत नाही. नुसती वाफच वापरायची तर १३४ अंशांवर १८ मिनिटं. मात्र एकट्या वाफेवर सोड्याइतका भरवसा ठेवता येत नाही. सोडा कातडी आणि डोळे जाळतो, म्हणून हे तुमच्या संस्थेच्या लेखी पद्धतीनं आणि पूर्ण संरक्षण घालूनच करायचं, एकटीनं बेसिनवर नाही.

या सगळ्याच्या आधीची पायरी तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. मेंदूची किंवा मज्जारज्जूची कुठलीही बायोप्सी लागली की ट्रे द्यायच्या आधी थिएटरला फोन करून विचारा: पेशंटला झपाट्यानं वाढणारा विसर पडतोय का, निदान अजून लागलेलं नाही का? उत्तर हो असेल तर शक्य तिथं एकदाच वापरून टाकायची उपकरणं द्या. बाकीची थिएटरमधून निघताना ओल्या कापडात किंवा पाण्यात बुडवून यायला हवीत असं सांगा, आणि अहवाल येईपर्यंत ती वेगळ्या डब्यात राहू द्या. हा प्रश्न थिएटरच्या बुकिंग फॉर्मवरच छापून घेता आला तर तो विचारायचं कुणाच्या आठवणीवर राहणार नाही. इन्फेक्शन कंट्रोलच्या पुढच्या बैठकीत हा ट्रे समोर ठेवून तेवढं मागून घ्या.